बिलावरचं सहावं अक्षर

घराचं काम काढलंय. किचन ट्रॉल्या बसवून देणाऱ्याने ३,४०,००० रुपयांचं कोटेशन दिलं आहे आणि निम्मी रक्कम आगाऊ मागितली आहे. दुकानावर झकास बोर्ड आहे, ‘अमुक इंटिरियर्स प्रा. लि.’ आणि खाली ‘१९९८ पासून’. उद्या काम अर्धवट राहिलं, तर हे १,७०,००० रुपये नेमके कोणाकडे मागायचे? या प्रश्नाचं उत्तर बोर्डावर क्वचितच मिळतं. ते बहुतेक वेळा कोटेशनच्या किंवा बिलाच्या कोपऱ्यात छापलेल्या जीएसटी क्रमांकात असतं.

हा क्रमांक पंधरा अक्षरी असतो. आपल्या उदाहरणासाठी एक बनावट क्रमांक घेऊ: 27ABCPK0000L1Z5. पहिले दोन आकडे राज्याचे, आणि २७ म्हणजे महाराष्ट्र. पुढची दहा अक्षरं म्हणजे धंदा ज्याच्या नावावर आहे त्याचा पॅन. पॅनमधलं चौथं अक्षर, म्हणजेच जीएसटी क्रमांकातलं सहावं, ते पॅन कोणाचं आहे हे सांगतं. P असेल तर एक माणूस, म्हणजे प्रोप्रायटर. C म्हणजे कंपनी. F म्हणजे भागीदारी संस्था, आणि एलएलपीसुद्धा, कारण आयकर खातं दोघींना एकाच रांगेत बसवतं. H दिसलं तर हिंदू अविभक्त कुटुंब. (आपला पॅन कोणाला कळू नये म्हणून जपणारे प्रोप्रायटर तो प्रत्येक बिलावर छापून वाटत असतात, ही त्यातली गंमत.)

आपल्या उदाहरणात सहावं अक्षर P आहे आणि बोर्डावर मात्र ‘प्रा. लि.’ लिहिलंय. म्हणजे बोर्ड एकाचा आणि बिल दुसऱ्याचं. gst.gov.in वर ‘Search Taxpayer’मध्ये हा क्रमांक टाकला की उलगडा होतो. तिथे ‘Trade Name’ म्हणजे बोर्डावरचं नाव, ‘Legal Name of Business’ म्हणजे कायद्याच्या नजरेतलं नाव आणि ‘Constitution of Business’ म्हणजे धंद्याचा प्रकार. प्रोप्रायटरशिप असेल तर ‘Legal Name’समोर त्या माणसाचंच नाव दिसतं. नोंदणी चालू आहे, निलंबित आहे की रद्द झाली, आणि विवरणपत्रं कोणत्या महिन्यापर्यंत भरली, हेही तिथेच कळतं. सहा महिने विवरणपत्रच नसेल तर आगाऊ रक्कम देण्याआधी विचारपूस करावी.

आता ‘प्रा. लि.’ खरंच आहे का ते पाहू. कंपनी कार्य मंत्रालयाच्या mca.gov.in या संकेतस्थळावर कंपन्या आणि एलएलपी यांची मूळ माहिती पाहता येते. प्रत्येक कंपनीला एकवीस अक्षरी क्रमांक असतो, त्याला सीआयएन म्हणतात. कंपनीने तो आपल्या लेटरहेडवर आणि बिलावर छापायचा असतो, असं २०१३च्या कंपनी कायद्याचं कलम १२ सांगतं. त्यात राज्याची MH सारखी दोन अक्षरं असतात, त्यांच्यामागे स्थापनेचं साल आणि मग प्रकार. PTC म्हणजे प्रायव्हेट लिमिटेड. समजा, आपली ही कंपनी तिथे सापडली आणि साल निघालं २०२२. मग ‘१९९८ पासून’ खोटं का? तसंच काही नाही. वडिलांनी एकट्याच्या नावावर सुरू केलेला धंदा मुलाने कंपनीत नेला, असं कितीतरी ठिकाणी होतं. पण कायद्याच्या दृष्टीने त्या कंपनीचं वय चोवीस वर्षांनी कमी आहे. आणि बिल अजून प्रोप्रायटरच्या क्रमांकावर फाटत असेल, तर तुमचा करार कंपनीशी झालेलाच नाही. (कंपनी नोंदलेलीच नसताना नावापुढे ‘प्रा. लि.’ लावणं तर गुन्हाच आहे; कलम ४५३ खाली दर दिवसाला दंड होतो.)

इथे बहुतेकांचा समज उलटा असतो. ‘प्रा. लि.’ म्हटलं की माणसाला भक्कम वाटतं आणि ‘प्रोप्रायटर’ म्हटलं की कच्चं. पण कंपनी जितकी उघडी दिसते तितकीच तिची जबाबदारी आखलेली असते. संचालकांची नावं, भरणा झालेलं भांडवल, कोणत्या बँकेचा बोजा आहे, शेवटचा ताळेबंद कधीचा, सगळं दिसतं; थोडं शुल्क भरून दाखल केलेली कागदपत्रंही पाहता येतात. पण कंपनीचं देणं कंपनीच्या मालमत्तेतूनच वसूल व्हायचं. किमान एक लाख भांडवलाची अट २०१५ मध्ये गेली. दहा हजार भांडवलाची कंपनी तुमचे १,७०,००० बुडवून बसली आणि तिच्याकडे काही उरलं नसेल, तर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय संचालकाच्या फ्लॅटला सहसा हात लागत नाही. शिवाय संचालक म्हणजे मालक असंही नाही. भागधारक वेगळे असू शकतात आणि ते वार्षिक विवरणात शोधावे लागतात.

प्रोप्रायटरचं नेमकं उलटं. त्याची एकच अशी देशभराची नोंदवही कुठेच नाही. जीएसटी, दुकान कायद्याखालची नोंद, उद्यम प्रमाणपत्र अशा तुकड्यांतून त्याला जोडावं लागतं, आणि त्यातलं उद्यम तर बरंचसं स्वतःच्याच घोषणेवर मिळतं. उलाढाल मर्यादेच्या आत असेल तर जीएसटी क्रमांकही नसतो. पण तो सापडला की धंद्याचं कर्ज हे त्याचं स्वतःचं कर्ज. दुकान आणि माणूस कायद्याला वेगळे दिसत नाहीत.

भागीदारी संस्था या दोघांच्या मधली, आणि शोधायला सगळ्यांत चिवट. १९३२च्या कायद्यात नोंदणी सक्तीची नाही. झाली तर ती राज्याच्या रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे होते, mca.gov.in वर ती मिळणार नाही. तिथे सापडली नाही म्हणून संस्था खोटी ठरत नाही. नोंदणी नसलेली संस्था करारापोटी तुमच्यावर सहसा दावा लावू शकत नाही, तुम्ही मात्र तिच्यावर लावू शकता. प्रत्येक भागीदार संपूर्ण रकमेला बांधील असतो, त्यामुळे ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्याकडून सगळं मागता येतं. रजिस्ट्रारकडच्या उताऱ्यात भागीदार कोण आले, कोण बाहेर पडले हे दिसतं. भागीदार बाहेर पडला पण त्याची जाहीर सूचना झाली नाही, तर नंतरच्या व्यवहारांनाही तो जबाबदार ठरू शकतो. उतारा ताजा मागायचा तो म्हणूनच.

एलएलपीमध्ये नाव भागीदारीचं आणि वागणं बरंचसं कंपनीचं. २००८च्या कायद्याने आलेली ही संस्था mca.gov.in वरच सापडते. एका भागीदाराच्या चुकीचा भार दुसऱ्याच्या घरावर येत नाही. भागीदारांची नावं आणि दरवर्षीचं हिशेबाचं व पतक्षमतेचं विवरण पाहता येतं. नावाच्या शेवटी ‘एलएलपी’ लिहिलेलं असायलाच हवं. याउलट ‘मे.’, ‘अँड कंपनी’, ‘असोसिएट्स’, ‘ग्रुप’ या शब्दांवरून काहीही ठरत नाही. एकटा माणूसही ‘अँड कंपनी’ लावतो.

आपल्या ट्रॉलीवाल्याकडे परत यायचं तर पैसे देण्याआधी तीन नावं शेजारी ठेवून बघावीत: कोटेशनवरचं, जीएसटीच्या ‘Legal Name’मधलं, आणि क्यूआर कोड स्कॅन केल्यावर फोनवर येणारं बँक खात्याचं. कोटेशन कंपनीचं, जीएसटी प्रोप्रायटरचा आणि पैसे तिसऱ्याच कोणाच्या खात्यात असा मामला निघाला, तर ज्याच्या खात्यात पैसे जाणार त्याच्याच नावाने सहीशिक्क्याचं कोटेशन आणि पावती मागावी. देणाऱ्याने टाळाटाळ केली तर व्यवहार थांबवावा.

पुढे ग्राहक आयोगात जायची वेळ आलीच, तर हाच तपशील तक्रारीच्या पहिल्या पानावर लागतो. प्रोप्रायटर असेल तर माणसाचं नाव, ‘अमुक इंटिरियर्सचे प्रोप्रायटर’ असा उल्लेख करून. भागीदारी असेल तर संस्था आणि सोबत भागीदार. कंपनी किंवा एलएलपी असेल तर तिचं नोंदलेलं पूर्ण नाव आणि नोंदणीकृत पत्ता. तो पत्ता दुकानाचा नसून भलत्याच गावातल्या सीएच्या कार्यालयाचा असू शकतो, आणि तसं असलं तरी नोटीस तिथेही पाठवायची, दुकानाच्या पत्त्यावरही.