चिऊच्या नावाने, आईच्या अक्षरात

अमेरिकेत मुलाच्या वाढदिवसाला आलेल्या भेटी पुष्कळदा पाहुण्यांसमोर उघडत नाहीत. पार्टी संपते, मंडळी घरी जातात आणि मग कागद फाडायला सुरुवात होते. आपली भेट आवडली की नाही, हे देणाऱ्याला कळतच नाही. ते कळवायला नंतर आभाराची चिठ्ठी जाते. तिकडच्या मराठी घरांतही ही रीत शिरली आहे. चार वर्षांच्या मुलीला लिहिता येत नाही, म्हणून तिच्या नावाने आई किंवा बाबा लिहितात.

खरं काम भेटी उघडतानाच असतं. एकाने कागद काढायचा, दुसऱ्याने लगेच लिहून ठेवायचं: कोणी, काय. कागदांचा ढीग झाला की ती रंगपेटी कोणाची हे सांगता येत नाही, आणि चुकीच्या घरी चुकीचे आभार गेले तर न लिहिलेलं परवडलं.

मग आवाज. मोठ्यांची लेखणी हमखास दोन बाजूंना घसरते. एक तर ‘आपण दिलेल्या सुंदर भेटीबद्दल मी आपली ऋणी आहे’. हे चार वर्षांची मुलगी नाही, संस्थेचे चिटणीस बोलताहेत. नाही तर ‘मावछी, गाली खूप आवल्ली’. हे मला त्याहून नकोसं वाटतं, कारण मूल बोबडं बोलत असलं तरी स्वतःला बोबडं ऐकत नाही.

चिठ्ठीत मुलाचं काही यायचं असेल, तर आधी त्याला विचारावं. ‘गाडी आवडली का?’ या प्रश्नाला ‘हो’ एवढंच उत्तर मिळतं. ‘गाडी कुठे ठेवतेस?’ असं विचारलं की मजकूर मिळतो. मग चिठ्ठी अशी होते:

‘मावशी, तू दिलेली लाल गाडी पलंगाखाली राहते. तिथे तिचं गॅरेज आहे. बाबांना आत जाता येत नाही. तू वाढदिवसाला आलीस, मला मज्जा आली. थँक यू! तुझी चिऊ.’

पहिली तीन वाक्यं मुलीची. पुढची आईने जोडली, पण मुलीला म्हणता येतील अशीच. आजोबांना लिहिताना घरात त्यांना ‘अहो आजोबा’ म्हणत असतील तर ‘तुम्ही दिलेली’ लिहावं. तेवढ्यात अदब येते, निराळे शब्द लागत नाहीत. खाली सही म्हणून मुलीची रेघोटी. अक्षर आईचं आहे हे सगळ्यांना दिसतंच, ते लपवायचं कारण नाही.

अडचण येते ती दोन भेटी सारख्या निघाल्या की. तेव्हा दुसरीचा उल्लेख कोणाच्याच चिठ्ठीत करू नये. पाकिटात पैसे आले असतील तर आकडा लिहू नये. त्यातून काय आणणार ते लिहावं, तेही ठरलं असेल तरच. आणि जे पुस्तक अजून उघडलेलं नाही, ते ‘रोज वाचते’ असं मुलीच्या तोंडी घालू नये. पुढच्या भेटीत मावशी त्यातली गोष्ट विचारते आणि मुलगी सगळ्यांसमोर सांगून टाकते, ‘कुठलं पुस्तक?’