‘बघूया अजून दोन-तीन महिने’चं पत्र कसं होतं?

भोसरीतल्या एका सुट्या भागांच्या कारखान्याचं उदाहरण घेऊ. डिस्पॅच विभागात ६ जानेवारीला एक मुलगा लागला. नेमणूकपत्रात प्रोबेशन सहा महिन्यांचं, म्हणजे ५ जुलैपर्यंत. जूनच्या शेवटी एचआरच्या मॅडमनी सुपरवायझरला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, तेव्हा उत्तर आलं: “पोरगा मेहनती आहे मॅडम. पण ई-वे बिलात घोळ घालतो. जरा स्लो आहे, अ‍ॅटिट्यूड पण आहे थोडा. बघूया अजून दोन-तीन महिने?”

पत्र यातूनच तयार करायचं असतं. पण हा मेसेज नुसता शुद्ध भाषेत उतरवला, तर “आपली वर्तणूक समाधानकारक नसून” असं काहीतरी होतं. मुलाला त्यातून काही कळत नाही आणि त्याच्या नावावर एक शेरा मात्र बसतो. म्हणून लिहायला बसण्याआधी सुपरवायझरला फोन करावा आणि प्रत्येक विशेषणामागे काय घडलं होतं ते विचारावं.

इथे विचारल्यावर कळलं, की मे महिन्यात तीन ई-वे बिलांच्या भाग ‘ब’मध्ये गाडीचा क्रमांक चुकला होता आणि त्यातली एक गाडी तपासणीत अडकली होती. ‘स्लो’चा अर्थ असा, की दुपारी चारपर्यंत तयार व्हायला हवीत ती कागदपत्रं कधी कधी साडेपाचला होत. ‘अ‍ॅटिट्यूड’च्या मागे एवढंच निघालं, की दोन वेळा जादा वेळ थांबायला तो नाही म्हणाला होता. हा मुद्दा पत्रातून काढून टाकावा. ठरलेली वेळ संपल्यावर घरी जाणं हा कामातला दोष नाही. उरलेल्या दोन गोष्टी मात्र तारखांसह तपासता येतात, म्हणून त्या पत्रात येतात.

आता निर्णय. ‘दोन-तीन महिने’ पत्रात चालत नाही. मुदत एकच हवी आणि तिला शेवटची तारीख हवी. त्याआधी नेमणूकपत्र उघडून पाहावं: मुदतवाढीची तरतूद आहे का, आणि जास्तीत जास्त किती? ही मर्यादा महत्त्वाची आहे. नियमातच प्रोबेशनची कमाल मुदत ठरलेली असताना ती उलटून गेल्यावरही माणसाला कामावर ठेवलं, तर तो कायम झाला असंच धरावं लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली पंजाबातल्या धरमसिंग खटल्यात म्हटलं. तो खटला सरकारी शिक्षकांचा होता. खाजगी नोकरीत आधी नेमणूकपत्राची आणि लागू असलेल्या स्थायी आदेशांची भाषा पाहावी लागते.

मग पत्राचा गाभा असा होतो:

“आपला परिवीक्षा कालावधी ६ जुलै ते ५ ऑक्टोबर असा तीन महिन्यांनी वाढवण्यात येत आहे. मे महिन्यात तीन ई-वे बिलांमध्ये वाहन क्रमांक चुकीचा नोंदला गेला, तसेच काही दिवशी पाठवणीची कागदपत्रे दुपारी ४ नंतर तयार झाली. या काळात प्रत्येक बिल काढण्यापूर्वी वाहन क्रमांक गेटच्या नोंदीशी ताडून पाहावा व कागदपत्रे ४ वाजेपर्यंत पूर्ण करावीत. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सुपरवायझर आपल्यासोबत आढावा घेतील. सेवेच्या इतर अटी पूर्वीप्रमाणेच राहतील.”

निर्णय पहिल्याच वाक्यात आहे, कारण पत्र उघडणारा आधी तेच शोधतो. ‘मेहनती’ हा शब्द इथे मुद्दाम नाही. मुदतवाढीच्या पत्रात कौतुक आलं, की वाचणाऱ्याला पुढचं सगळं औपचारिक वाटतं. ते सुपरवायझरने समोर बसून सांगावं.

कायम करायचं असतं, तर पत्र याहून लहान झालं असतं: कोणत्या तारखेपासून कायम, पद आणि वेतन काय, नोटिशीचा काळ बदलतो का. त्यात “मात्र वेग वाढवावा” असं शेपूट जोडू नये. कायम केलं की नाही, अशी शंका त्यातून उरते.

पत्रात “सुपरवायझरच्या दि. २८ जूनच्या संदेशानुसार” असा उल्लेखही कधी करू नये. कोलकात्याच्या सत्येंद्रनाथ बोस केंद्रातल्या एका नोकरीच्या खटल्यात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की आदेश वरून साधा दिसत असला तरी त्यात उल्लेखलेल्या कागदातही कलंक असू शकतो. उद्या या मुलाला काढायची वेळ आली, तर तो चॅट अशाच उल्लेखामुळे आदेशाचा भाग होऊन बसेल. चॅट वेगळा जपून ठेवावा, पत्र स्वतःच्या पायावर उभं राहावं.

आणि हे पत्र ५ जुलैच्या आत त्याच्या हातात द्यावं, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह त्याची सही घ्यावी.