केसांच्या कडा का थरथरतात?

व्हिडिओ कॉलवर कुणी तरी मागे हिरव्यागार जंगलाचं चित्र लावलेलं असतं. चेहरा नीट दिसतो, खांदेही नीट दिसतात, पण मोकळ्या केसांभोवती एक पांढुरकी कड सारखी वळवळत असते. मध्येच एखादी बट गायब होते आणि पुढच्या क्षणी परत येते. तीच व्यक्ती जंगल काढून टाकते, मागची खोली फक्त धूसर करते आणि वळवळ बरीचशी थांबते. कॅमेरा, केस आणि लॅपटॉप तेच असताना हा फरक कसा पडतो?

ब्लर आणि व्हर्च्युअल बॅकग्राउंड या दोन्हींचं पहिलं काम एकच असतं. कॅमेऱ्याकडून आलेल्या प्रत्येक फ्रेममध्ये माणूस कुठे आहे आणि खोली कुठे, हे सॉफ्टवेअर ठरवतं. त्यासाठी ते प्रत्येक ठिपक्याला, म्हणजे पिक्सेलला, शून्य ते एक यांमधला एक आकडा देतं. एक म्हणजे नक्की माणूस, शून्य म्हणजे नक्की खोली. आकड्यांच्या या नकाशाला मास्क म्हणतात. मास्क तयार झाला की ब्लरमध्ये खोलीचा भाग धूसर होतो आणि व्हर्च्युअल बॅकग्राउंडमध्ये त्या जागी दुसरं चित्र बसतं.

हा मास्क किती बारीक असतो? गूगलच्या अभियंत्यांनी २०२० साली गूगल मीटमधल्या या सोयीची रचना प्रसिद्ध केली. माणूस ओळखणारं मॉडेल जेमतेम ४०० किलोबाइटचं होतं आणि ते ब्राउझरमध्येच चालायचं. त्याला कॅमेऱ्याचं चित्र लहान करून दिलं जाई, २५६ आडवे आणि १४४ उभे पिक्सेल एवढं. कारण वेळेचं होतं. सेकंदाला ३० फ्रेम दाखवायच्या तर एका फ्रेमच्या वाट्याला सुमारे ३३ मिलिसेकंद येतात, आणि तेवढ्यात साध्या लॅपटॉपलाही बाकीची सगळी कामं उरकायची असतात.

आता हिशेब मांडून पाहू. लॅपटॉपसमोर हातभर अंतरावर बसलं की कॅमेऱ्याला साधारण ८० सेंटिमीटर रुंदीचा भाग दिसतो. तो २५६ घरांत वाटला तर मास्कच्या एका घरात सुमारे तीन मिलिमीटर जागा येते. डोक्याच्या केसाची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. म्हणजे एका घरात कित्येक केस, त्यांमधल्या फटी आणि फटींतून दिसणारी भिंत एवढं सगळं असतं, आणि त्या सगळ्यासाठी आकडा मात्र एकच. गालाच्या किंवा खांद्याच्या कडेला हे चालून जातं, कारण तिथे सीमारेषा सलग असते. विस्कटलेल्या केसांना अशी रेषाच नसते.

लहान मास्क नंतर मोठा करावा लागतो. तेव्हा मूळ चित्रात रंग कुठे बदलतो ते पाहून मास्कची कड त्या जागी सरकवली जाते. पांढऱ्या भिंतीपुढे काळे केस असले तर ही युक्ती चांगली चालते. गडद पडद्यापुढे काळे केस असले तर कड धरायला रंगांत फरकच सापडत नाही.

चुकीचा मास्क डोळ्यांना किती खुपेल, हे मागे काय आहे त्यावर ठरतं. दोन बटांमधली एक फट घेऊ. तिच्यातून भिंत दिसते आहे आणि त्या पिक्सेलची उजळता शून्य ते २५५ या मोजणीत २०० आहे. मास्कने चुकून त्याला 'माणूस' म्हटलं तर भिंतीचा तो २०० तसाच दिसतो. ब्लरमध्ये बरोबर ओळखलं असतं तरी धूसर झालेली तीच भिंत दिसली असती, म्हणजे उजळता फार वेगळी नसती. चूक भिंतीत मिसळून जाते. मागे ४० उजळतेचं गडद जंगल असेल तर मात्र बरोबर उत्तराला ४० आणि चुकीच्या उत्तराला २०० दिसतो. केसांत पांढरा डाग उमटतो.

बटेच्या टोकाचा पिक्सेल आणखी अवघड असतो. त्यात अर्धा केस आणि अर्धी भिंत असते. केसाची उजळता २० धरली तर कॅमेऱ्याला तिथे दोन्हींचं मिश्रण, ११० दिसतं. मास्कने अचूक 'अर्धा' असं उत्तर दिलं, तरी जंगलाशी मिसळताना तो अर्धा भाग या ११०चाच घेतला जातो, आणि ११० व ४० यांची सरासरी ७५ येते. यायला हवे होते २० आणि ४० यांच्या मधले ३०. केसाच्या रंगात आधीच मिसळलेली भिंत त्याच्याबरोबर जंगलात आली. पांढुरकी कड ती हीच.

ही भिंत गाळून टाकणं कठीण आहे, कारण प्रत्येक पिक्सेलमागे कॅमेऱ्याकडून लाल, हिरवा आणि निळा असे तीनच आकडे मिळतात. शोधायचे असतात सात: केसाचे तीन, भिंतीचे तीन आणि मिश्रणाचं प्रमाण. चित्रपटवाले मागे हिरवा पडदा लावून यांतले भिंतीचे तीन आधीच माहीत करून घेतात.

हे झालं एका फ्रेमचं. थरथर येते ती फ्रेम बदलताना. केसांच्या काठावरच्या आकड्यांबद्दल मॉडेललाच खात्री नसते, ते ०.४ आणि ०.६ यांच्या आसपास हेलकावे खातात. आपण स्तब्ध बसलो तरी कॅमेऱ्याच्या चित्रात बारीक दाणे फ्रेमगणिक बदलत असतात आणि तेवढ्याने उत्तर इकडचं तिकडे होतं. उजेड कमी असेल तर कॅमेरा दुबळा संकेत वाढवून घेतो, त्याबरोबर दाणेही वाढतात. उपाय म्हणून आधीच्या फ्रेमचा मास्क थोडा नव्यात मिसळतात. तो जास्त मिसळला की थरथर थांबते, पण मान वळवल्यावर जुन्या खोलीची पट्टी क्षणभर डोक्यामागे रेंगाळते.

त्यामुळे दोष कुठला आहे ते घरबसल्या ओळखता येतं. स्वतःच्याच पडद्यावरच्या आपल्या चित्रात कड थरथरत असेल तर इंटरनेटला बोल लावू नये. ते चित्र अजून बाहेर गेलेलंच नसतं. स्तब्ध बसूनही थरथर असेल तर उजेड अपुरा आहे किंवा केस आणि मागची वस्तू एकाच रंगाची आहे. फक्त हलल्यावर पट्टी दिसत असेल तर तो मास्क मागे पडल्याचा परिणाम.

उपायही यातूनच निघतात. खिडकी पाठीमागे न ठेवता समोर घ्यावी. काळ्या केसांमागे फिकी, साधी भिंत असावी. चित्र लावायचंच तर खऱ्या भिंतीच्या उजळतेशी आणि रंगाशी जुळणारं निवडावं. वरच्या उदाहरणात जंगलाऐवजी १८० उजळतेची फिकी खोली लावली, तर फटीतली चूक १६० वरून २० वर येते. वेणी किंवा अंबाडा घातला तर मास्कला सलग कड मिळते. केस मोकळे असतील, भिंत रंगीबेरंगी असेल आणि उजेड बेताचा असेल, तर ब्लरच निवडावा. मास्क त्यातही तितकाच चुकतो, पण चुकून दिसतो तो त्याच खोलीचा रंग.