बिबट्याचा ठसा की वाघाच्या बछड्याचा?

वाघ, बिबट्या, रानमांजर हे मार्जारकुळातले प्राणी चालताना नख्या आत ओढून घेतात. त्यामुळे त्यांच्या ठशात चार बोटे आणि मागची मोठी गादी एवढेच उमटते. रानकुत्रा, कोल्हा आणि लांडगा यांना नख्या आत घेता येत नाहीत, म्हणून त्यांच्या बोटांपुढे नख्यांची टोके दिसतात. ठसा पाहताना पहिला प्रश्न हाच विचारायचा. मात्र निव्वळ नख्यांवर विसंबून चालत नाही. चिखलात घसरताना किंवा झेप घेताना वाघाच्याही नख्या उमटतात, तर कडक जमिनीवर कुत्र्याच्या उमटत नाहीत. अशा वेळी गादी पाहावी. मांजरवर्गीयांच्या गादीची मागची कडा तीन गोल फुगीर भागांची असते. कुत्रावर्गीयांची गादी लहान आणि त्रिकोणाकडे झुकणारी असते.

मांजरवर्गीयांच्या ठशात मधल्या दोन बोटांपैकी आतल्या बाजूचे बोट किंचित पुढे असते. त्यावरून पाय डावा की उजवा हे कळते: पुढे आलेले बोट उजवीकडे असेल तर पाय डावा. पुढच्या पायाचा ठसा मागच्यापेक्षा रुंद असतो, पण चालताना मागचा पाय बहुधा पुढच्याच्या ठशावर किंवा त्याच्या जवळच पडतो. म्हणून एकाच ठशावर निर्णय न देता ओळीने पाच-सहा ठसे पाहावेत.

समजा, नाल्याकाठच्या गाडीवाटेवर नख्या नसलेला, तीन फुगीर भागांची गादी असलेला, आठ सेंटिमीटर रुंदीचा ठसा सापडला. पूर्ण वाढलेल्या बिबट्याचा पुढचा ठसा साधारण सात ते नऊ सेंटिमीटर रुंद असतो, वाघाचा अकरा ते पंधरा. तेव्हा मनात पहिल्यांदा बिबट्याच येतो. पण वाघाचा बछडा एका वयात नेमक्या याच मापाचा ठसा उमटवतो. एवढ्या लहान वयात तो सहसा आईबरोबर फिरतो, म्हणून त्याच वाटेवर मागे-पुढे आणि दोन्ही कडांना मोठा ठसा शोधावा. बछड्याची शरीराच्या मानाने पावले मोठी असतात, त्यामुळे ठशाच्या मापाला साजेसे अंतर दोन पावलांत पडत नाही, पावले तोकडी पडतात. दूरवर एकही मोठा ठसा नाही आणि पावले सलग लांब पडली आहेत, तर बिबट्या म्हणायला हरकत नाही. ताज्या ठशांत आई आणि बछडे यांचा माग दिसला, तर मंडळाने तिथूनच परत फिरावे.

मापात चूक होते ती मातीमुळे. ओल्या चिखलात पाय रुततो आणि ठशाचे तोंड पसरते, जाड फुफाट्यात कडा ढासळतात. म्हणून रुंदी ठशाच्या वरच्या काठावर न मोजता तळाशी, जिथे सपाट भाग संपून कडा चढू लागते तिथे मोजावी. उत्तम ठसा मिळतो तो कडक जमिनीवरच्या पातळ, बारीक धुळीत. तो पाहायची वेळ सकाळची: ऊन तिरके पडले की कडांची सावली पडते आणि बारकावे उठून दिसतात, दुपारी तोच ठसा सपाट वाटतो. ठशावर दवाचे बारीक खड्डे किंवा किड्यांच्या रेषा असतील, तर तो त्यांच्या आधीचा.

अस्वलाची ओळख सोपी आहे. पाच बोटे जवळपास एका रेषेत आणि त्यांच्यापुढे बऱ्याच अंतरावर लांब नख्यांच्या खुणा. मागच्या पायाचा ठसा तर माणसाच्या पावलासारखा दिसतो. तरसाच्या ठशात नख्या असतात आणि पुढचा पाय मागच्यापेक्षा ठळकपणे मोठा असतो. खुरांच्या बाबतीत चितळाचा ठसा लहान व टोकदार, सांबराचा तसाच पण मोठा, गव्याचा गाईबैलासारखा रुंद. रानडुकराच्या खुरामागे मऊ मातीत दोन छोट्या उपखुरांचे ठिपके उमटतात.

ठसा जपायचा असेल तर त्याभोवती पत्र्याची किंवा पुठ्ठ्याची पट्टी गोल उभी करावी. दोन भाग प्लास्टर ऑफ पॅरिस एक भाग पाण्यात कालवून कडेने हळू ओतावे, थेट ठशावर नाही, नाहीतर बारीक धूळ उडून आकार मोडतो. अर्ध्या तासाने साचा उचलून मागे तारीख, जागा, मातीचा प्रकार आणि पाय कोणता ते लिहावे. संरक्षित जंगलात हे काम वनविभागाच्या परवानगीने आणि वनरक्षकाबरोबरच करावे.

ठशावरून प्राणी कोणता हे सांगता येते, नेमका तोच वाघ कोणता हे नाही. ओडिशाचे वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी १९६६ मध्ये ठशांवरून वाघ मोजण्याची पद्धत मांडली आणि १९७२ पासून देशभर ती वापरली गेली. पण एकाच वाघाचे ठसे वेगवेगळ्या मातीत वेगळे दिसतात आणि ते दोन वाघ धरले जाण्याचा धोका राहतो. राजस्थानातल्या सरिस्क्यात नोंदींमध्ये वाघ असतानाच ते प्रत्यक्षात नाहीसे झाल्याचे २००५ च्या सुमारास उघड झाले. त्यानंतर २००६ पासून देशपातळीवर कॅमेरा सापळ्यांत टिपलेल्या अंगावरच्या पट्ट्यांवरून वाघ ओळखले जाऊ लागले. ठशांची पाहणी आजही होते, ती मुख्यतः कुठे वावर आहे हे समजण्यासाठी आणि कॅमेरे कुठे लावायचे हे ठरवण्यासाठी.