मुलगी शिक्षण फेलोशिपला अर्ज करतेय? मग हे पत्र तिच्याकडून वाचून घ्या



आपल्या गटांतल्या बऱ्याच जणींच्या मुली-सुना आता पदवीधर झाल्यात. त्यातल्या काहीजणी शिक्षण फेलोशिपला अर्ज करतात. फेलोशिप म्हणजे ठरावीक मुदतीसाठी, मानधनावर, शाळेत पूर्णवेळ शिकवण्याचं काम. जसं, 'टीच फॉर इंडिया'ची फेलोशिप २ वर्षांची असते. तिची पहिली तुकडी २००९ साली मुंबई-पुण्याच्या शाळांमध्ये गेली.

अशा अर्जासोबत बहुतेकदा एक पानाचं पत्र मागतात. त्याला कव्हर लेटर म्हणतात. मार्क तर गुणपत्रिकेत दिसतातच. पत्रात दोन गोष्टी बघतात: हे काम करायची इच्छा खरी आहे का, आणि वर्ग प्रत्यक्षात कसा असतो हे मुलीला माहीत आहे का.

समजा, एका ताईंच्या मुलीनं असं लिहिलं: "मला लहानपणापासून मुलांची आवड आहे. गरीब मुलांचं आयुष्य बदलण्यासाठी मी जीव तोडून मेहनत करीन." वाईट काही नाही, पण खालचं नाव झाकलं तर हे पत्र कोणाचंही असू शकतं. मग तिला विचारायचं, "तू आजवर कोणाला काय शिकवलंस?" तेव्हा कळतं की सुट्टीत ती ओट्यावर पोरांना शिकवत होती. तेच लिहायचं:

"मे महिन्यात मी गल्लीतल्या ८ मुलांना रोज तासभर वाचायला शिकवलं. पाचवीतला एक मुलगा कविता तोंडपाठ म्हणायचा, पण ओळीवर बोट ठेवलं की गप्प व्हायचा. त्याला अक्षरं येत होती, काना-वेलांटी आली की अडायचा. मी तसे शब्द चिठ्ठ्यांवर लिहून रोज वाचून घेतले. महिनाअखेर तो छोटी वाक्यं वाचू लागला. दोन मुलं मात्र आठवडाभरातच यायची थांबली. त्यांना परत आणणं मला जमलं नाही."

यात 'आवड' हा शब्द कुठंच नाही, तरी आवड दिसते. आणि जे जमलं नाही तेही लिहिलंय, म्हणून बाकीच्यावर विश्वास बसतो.

आता वर्गाचं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असतात. म्हणजे एकाच बाईंना एका वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळाव्या लागतात. एकाच इयत्तेतही कोणी गोष्ट वाचतं, कोणी अक्षरावरच अडकलेलं असतं. ऊसतोडीच्या गावांत काही पोरं दिवाळीच्या सुमारास आईबापांसोबत जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मधला अभ्यास सुटलेला असतो. शहरातल्या शाळेत अडचण वेगळी: घरची भाषा एक, पुस्तकाची दुसरी. फेलोशिप जिथं पाठवणार, तिथली अडचण पत्रात यायला हवी.

पण नुसती अडचण लिहिली तर ते रडगाणं होतं. पहिल्या महिन्यात आपण काय करू, तेही लिहायचं:

"पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक मुलाला जवळ बसवून अक्षर, शब्द, उतारा आणि गोष्ट वाचायला देईन. जो जिथं अडेल, त्याप्रमाणे गट करीन, इयत्तेप्रमाणे नाही. रोज एक तास या गटांत वाचन होईल. स्थलांतराहून परतलेल्या मुलांचं वाचन पुन्हा तपासीन. घरी शिकवायला कोणी नसेल, तर त्या मुलांचा सराव शाळेतच घेईन. दोन वर्षांत सगळी मुलं सारखी पुढं जातील असं मी म्हणत नाही, पण कोण कुठं अडलंय याची नोंद माझ्याकडे असेल."

शेवटच्या वाक्यात मोठं वचन नाही. "सगळ्यांना पहिल्या नंबरात आणीन" असं लिहिणारी मुलगी वर्गात उभी राहिलेली नाही, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. "पालकांनाच शिक्षणाची किंमत नाही" हे वाक्यही नको. मजुरीला जाणाऱ्या आईला किंमत नसते असं नाही, वेळ नसतो. हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक?

पत्र पाठवायच्या आधी मुलीला ते मोठ्यानं वाचायला सांगा. ऐकताना तीन गोष्टी बघा. एखादं खरं मूल डोळ्यांसमोर आलं का? मुलीनं स्वतः काय केलं ते कळलं का? पहिल्या महिन्यात ती काय करणार, ते तुम्ही तुमच्या शब्दांत सांगू शकता का? एकाचंही उत्तर 'नाही' आलं, तर तेवढाच भाग तिला पुन्हा लिहायला लावा. दुसऱ्या कोणाचं पत्र उतरवून मात्र घेऊ नये. मुलाखतीत त्याच पत्रावर प्रश्न येतात, आणि न केलेल्या कामाचा तपशील तिथं सांगता येत नाही.