सोमवारची सुट्टी, मंगळवारची सकाळ

२१ ऑक्टोबर २०१९, सोमवार. महाराष्ट्रात विधानसभेचे मतदान होते, म्हणून मुंबईचा शेअर बाजार बंद होता. नेमके त्याच दिवशी इन्फोसिसच्या वरिष्ठ व्यवस्थापनावर हिशेबांबाबत आरोप करणारे निनावी तक्रारपत्र बाहेर आले. न्यूयॉर्कला बाजार सुरू होता, तिथे शेअर कोसळला. इकडे बोटाला शाई लावून घरी आलेल्या भागधारकाला बघण्यापलीकडे काही करता येत नव्हते. मंगळवारी बाजार उघडला तोच खाली, आणि दिवसअखेर शेअर १६ टक्के उतरलेला होता. निफ्टी मात्र त्या दिवशी एक टक्काही पडला नाही. पुढे जानेवारी २०२० मध्ये कंपनीच्या लेखापरीक्षण समितीने आरोपांना पुरावा मिळाला नसल्याचे सांगितले, पण ती नंतरची गोष्ट.

एकाच शेअरमध्ये मोठी पुंजी अडकलेल्या माणसाने हा मंगळवार नीट अभ्यासावा. स्टॉपलॉस लावला होता, असे म्हणणाऱ्यांचे शेअर उघडल्या भावाला विकले गेले, ठरवलेल्या नव्हे. ज्या शेअरवर ऑप्शन चालतात त्यांना ठरावीक खालचे सर्किट नसते, त्यामुळे भाव मध्ये कुठे थबकेल याची हमी नाही. निफ्टीचे पुट घेऊन ठेवणाऱ्यांनाही काही मिळाले नाही, कारण आग एकाच घराला लागली होती. कामाला आले असते ते त्याच शेअरचे पुट. पुट म्हणजे ठरलेल्या भावाला शेअर विकण्याचा विकत घेतलेला हक्क. हे वाचकाला ठाऊक असेलच. पण हा हक्क मोठ्या साठ्यावर प्रत्यक्ष वापरायचा म्हटले की हिशेब कसा बसतो, हे फारसे कुणी मांडून दाखवत नाही.

एक उदाहरण घेऊ. त्यातले भाव कल्पित आहेत, पण बाजारात साधारण असेच सापडतात. कोथरूडच्या एका गृहस्थांनी आयटी कंपनीतली नोकरी सोडली आणि जाताना कर्मचारी योजनेतले ४,००० शेअर नावावर करून घेतले. त्या दिवशी शेअरचा बाजारभाव ११०० रुपये होता आणि तेवढ्यावरचा कर पगाराच्या हिशेबात भरून झाला. आज भाव १५०० आहे, म्हणजे साठा ६० लाखांचा. शेअर मिळून वर्ष पूर्ण व्हायला सहा आठवडे बाकी आहेत. आज विकले तर १६ लाखांच्या नफ्यावर अल्पमुदतीचा २० टक्के कर, अधिभार धरून सुमारे ३ लाख ३३ हजार. सहा आठवडे थांबले तर सव्वा लाखाची सूट वजा जाऊन साडेबारा टक्के, म्हणजे अधिभारासह १ लाख ९२ हजार. थांबण्याचा फायदा १ लाख ४१ हजार. आणि मध्येच एखादा मंगळवार उगवला तर?

शेअरच्या ऑप्शनचे करार आपल्याकडे फक्त तीन महिन्यांचे मिळतात आणि खरी उलाढाल चालू महिन्यात असते. पुढच्या महिन्यात बरी, तिसऱ्यात जवळजवळ नाहीच. या गृहस्थांना पुढच्या महिन्याचा करार हवा, कारण त्याची एक्स्पायरी वर्षपूर्तीनंतर तीन-चार दिवसांनी येते. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे. लॉट ४०० शेअरचा धरला तर दहा लॉट लागतील. १४२५ चे पुट, म्हणजे आजच्या भावाच्या पाच टक्के खालचे, शेअरमागे २४ रुपयांना मिळते. एकूण प्रीमियम ९६ हजार.

आता १ लाख ४१ हजार वाचवण्यासाठी ९६ हजार मोजायचे आणि पहिली पाच टक्के घसरण, म्हणजे तीन लाखांपर्यंतचा फटका, तरीही स्वतःच सोसायचा. हाती उरतात ४५ हजार आणि भाव वाढला तर ती वाढ. हिशेब कागदावर मांडला की बहुतेकांचा उत्साह इथेच ओसरतो, आणि ते योग्यच आहे. १३५० चे पुट साधारण १० रुपयांना, म्हणजे ४० हजारांत मिळेल. पण मग पहिल्या सहा लाखांचा खड्डा तुमचा. मला हे दुसरे पुट जास्त पटते. पाच-सात टक्क्यांचे चढउतार या गृहस्थांनी नोकरीतली सगळी वर्षे पाहिले आहेत. त्यांना झोपेतून उठवणारी गोष्ट १६ टक्क्यांची आहे. तरीही खालचा हिशेब १४२५ च्या पुटवरच करतो, म्हणजे आकडे डोळ्यांपुढे राहतील.

समजा भाव १२०० ला आला. शेअरवरचा तोटा १२ लाख. पुटची किंमत २२५ रुपये, म्हणजे ९ लाख परत. प्रीमियम धरून निव्वळ फटका ३ लाख ९६ हजार. इथपर्यंतचे चित्र पुस्तकी असते. आपल्याकडे खरी गोम यानंतर सुरू होते, आणि ती कराची आहे. पुट बाजारात विकून नफा घेतला तर तो व्यवसायाचे उत्पन्न मानला जातो. प्रीमियम वजा जाता तो ८ लाख ४ हजार होतो. वरच्या टप्प्यातल्या माणसाला त्यावर ३१.२ टक्के, म्हणजे अडीच लाख कर लागतो. शेअरवरचा तोटा मात्र कागदावरच आहे. आणि खरेदी ११०० ची असल्यामुळे कराच्या भाषेत तो तोटाही नाही, अजून नफाच आहे. म्हणजे छत्रीने पाऊस अडवला, पण छत्रीवर साचलेल्या पाण्यातला तिसरा हिस्सा सरकारचा.

म्हणून एक्स्पायरी वर्षपूर्तीनंतरची निवडली. शेअरचे ऑप्शन आता रोखीत मिटत नाहीत. ऑक्टोबर २०१९ पासून सर्वच शेअर-करारांना प्रत्यक्ष देवाणघेवाण लागू आहे. एक्स्पायरीच्या दिवशी, हल्ली महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी, भाव १४२५ च्या खाली असेल तर पुट आपोआप वापरले जाते, तुमचे ४,००० शेअर जातात आणि १४२५ च्या भावाने पैसे येतात. विकायचेच होते, त्यामुळे हरकत नाही. आणि वर्ष पूर्ण झाल्याने ती दीर्घ मुदतीची विक्री ठरते. पुट विकणे आणि शेअर देणे, यांतला कराचा फरक लाखाच्या वर जाऊ शकतो. कराराचा नफा आणि शेअरची विक्री विवरणपत्रात कशी दाखवायची, हे आपल्या सीएशी पुट घेण्याआधी बोलून घ्यावे, मार्चमध्ये नव्हे.

ज्याला शेअर विकायचे नाहीत, त्याच्यासाठी हीच सोय सापळा आहे. वडिलांनी घेतलेले, पाच-दहा रुपये मूळ किमतीचे शेअर वाचवायला पुट घ्यावे आणि एक्स्पायरीला विसरावे, तर शेअर जातात आणि सगळ्या जुन्या नफ्यावर त्याच वर्षी कर भरावा लागतो. अशा माणसाने शेवटच्या आठवड्याच्या आधीच पुट विकून बाहेर पडावे. शेवटच्या काही दिवसांत नफ्यातल्या पुटवर डिलिव्हरीचे मार्जिनही दररोज वाढत जाते आणि ब्रोकरचे फोन सुरू होतात.

शेअर द्यायचे असले तरी ते योग्य डीमॅटमध्ये हवेत. बऱ्याच घरांत शेअर बँकेच्या जुन्या डीमॅटमध्ये आणि ऑप्शन दुसऱ्या, स्वस्त ब्रोकरकडे असतात. कधी शेअर बायकोच्या नावावर आणि पुट नवऱ्याच्या. शेअर बाजार हे नातेसंबंध ओळखत नाही. वेळेत शेअर पोहोचले नाहीत तर ते लिलावातून घेतले जातात आणि दंडासह बिल तुमच्या नावावर येते. तेव्हा खरेदीच्या आधी शेअर त्याच ब्रोकरकडे हलवावेत, तारण ठेवले असतील तर मोकळे करावेत.

प्रीमियम टोचतो म्हणून पुष्कळ जण वरचा कॉल विकतात. आपल्या उदाहरणात १६०० चा कॉल विकून पुटच्या खर्चातला बराचसा भाग निघेल, पण शेअर १७०० ला गेला तरी तुम्हाला १६०० च मिळतील. शिवाय कॉल विकायला मार्जिन लागते, भाव वर गेला की ते वाढते, आणि त्यासाठी हेच शेअर तारण ठेवले तर देण्याच्या वेळी ते अडकलेले असतात. अनुभवी माणसाला हे जमते, पण रोज लक्ष लागते.

आणखी एक मोह म्हणजे निकालांपुरतेच पुट घ्यायचे. निकालाची तारीख सगळ्यांना ठाऊक असते, त्यामुळे त्या आठवड्यात पुट महागलेले असते आणि निकाल लागला की एका सकाळीत त्याची हवा जाते. २०१९ मध्ये इन्फोसिसचे निकाल ११ ऑक्टोबरला लागले. ज्यांनी ते पाहून पुट विकून टाकले, ते दहा दिवसांनी उघडे पडले. ज्यांनी ऑक्टोबरचा करार शेवटपर्यंत ठेवला, त्यांना तो मंगळवार सोसवला. उलट, कायम पुट घेत राहावे म्हटले तर आपल्या उदाहरणातल्या भावांनी वर्षाला साठ्याच्या दहा टक्क्यांच्या वर खर्च येतो. एवढे देऊन शेअर ठेवण्यापेक्षा तो विकलेला बरा. पुट परवडते ते ठरावीक मुदतीसाठी, जिच्या शेवटी काहीतरी ठरलेले असते.

जे अजून कंपनीत आहेत, त्यांनी इथेच थांबावे. अनेक कंपन्यांच्या आचारसंहितेत स्वतःच्या कंपनीच्या शेअरवर ऑप्शन घ्यायला सक्त मनाई आहे, आणि अंतर्गत माहितीचे सेबीचे नियम त्याहून कडक आहेत.

कोथरूडच्या गृहस्थांनी मला विचारलेच, तर मी सांगेन की मुलीच्या फ्लॅटसाठी दोन महिन्यांत जे २४ लाख द्यायचे आहेत, तेवढे १,६०० शेअर आजच विकावेत आणि त्यांवरचा जास्तीचा कर मुकाट्याने भरावा. उरलेल्या २,४०० शेअरसाठी १३५० चे सहा लॉट, पुढच्या महिन्याचे. ऑर्डर मात्र बाजारभावाची टाकू नका. खरेदीदार ९ म्हणतो आणि विकणारा १२, तेव्हा १० ला लावा आणि थांबा. दुपारपर्यंत बहुधा मिळते.