मुहूर्त अकरा नऊचा, उठायचं साडेतीनला

लग्नपत्रिकेवर मुहूर्त छापलेला असतो सकाळी अकरा वाजून नऊ मिनिटांचा. साडी नेसवणाऱ्या बाईसाठी तो दिवस पहाटे साडेतीनलाच सुरू झालेला असतो. दहा-बारा वर्षांपूर्वी हे काम घरातली एखादी काकू किंवा आजी करायची, नाहीतर मेकअप करणारीच जाता जाता उरकायची. आज पुण्या-मुंबईत, नाशिक-कोल्हापुरात फक्त साडी नेसवून देणाऱ्या बायका आहेत. त्यांचं वेगळं बुकिंग असतं, वेगळा दर असतो, वेगळी बॅग असते. साडी नेसवण्याचे एवढे पैसे कशाचे, हा प्रश्न लग्नघरात हमखास निघतो. त्याचं उत्तर घड्याळात आहे.

आधी नऊवारीबद्दल, कारण या धंद्याचा कस तिथेच लागतो. नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड. परकर नाही, आत फक्त आखूड लेगिंग किंवा सायकलिंग शॉर्ट. सगळा भार कमरेच्या एका गाठीवर. साडी कमरेभोवती घेऊन बेंबीपाशी पक्की गाठ मारायची, लांब बाजू फिरवून पदर खांद्यावर घ्यायचा, मध्ये उरलेल्या कापडाच्या निऱ्या करायच्या आणि खालचा काठ पायांमधून मागे नेऊन खोचायचा. तो कासोटा. ब्राह्मणी पद्धतीत निऱ्यांचा वरचा भाग पुढे काढून ओचा खोचतात आणि साडी घोट्यापर्यंत येते. कोळी पद्धतीची नऊवारी गुडघ्यापाशी थांबते. पेशवाई, मस्तानी ही नावं आता बाजारात रुळली आहेत, पण प्रत्येक घराला त्या नावाखाली काही वेगळंच हवं असतं. म्हणून जाणती बाई नावावर विसंबत नाही, ‘फोटो पाठवा’ म्हणते.

गाठ सैल राहिली की पुढचं सगळंच बिघडतं. फार आवळली तर पाटावर मांडी घालून दोन तास बसलेल्या नवरीचा जीव गुदमरतो. गाठ किती आवळायची, हे शिकायला सर्वांत जास्त वेळ लागतो. सहावारी पुतळ्यावर शिकता येते, नऊवारी नाही. पुतळा मांडी घालत नाही, चालत नाही, त्याचं पोट जेवणानंतर वाढत नाही. शिकणाऱ्या मुली म्हणूनच बहीण, जाऊ, शेजारीण अशा वेगवेगळ्या अंगयष्टीच्या बायकांना नेसवून पाहतात. हडकुळ्या मुलीच्या कमरेला गाठ टिकत नाही, तिथे आधी सुती पट्टा बांधावा लागतो. उंच मुलीला पदर कमी पडतो, तिथे निऱ्यांतलं कापड काढून पदराला द्यावं लागतं.

लग्नाचं काम आदल्या संध्याकाळीच सुरू होतं. नेसायच्या सगळ्या साड्या मागवून घेतात आणि त्यांच्या पदराच्या आणि निऱ्यांच्या घड्या आधीच इस्त्रीने बसवून ठेवतात. सहावारीत हे काम जवळजवळ पूर्ण होतं. नेसणारीची उंची, कमरेचं माप आणि चपलेची टाच माहीत असली की पदराच्या पाच-सहा पट्ट्या, कमरेच्या सहा-सात निऱ्या घालून, चिमटे लावून साडी चौकोनी घडीत ठेवता येते. सकाळी ती अंगावर चढवायला दहा-बारा मिनिटं पुरतात. रेशमावर थेट गरम इस्त्री फिरवायची नाही, मध्ये सुती कापड घ्यायचं. पाणीही शिंपडायचं नाही, कारण रेशमावर त्याचे डाग उमटतात. नऊवारीत मात्र फक्त पदर आधी करून ठेवता येतो. कासोटा त्या शरीरावरच बसवावा लागतो.

याच संध्याकाळी गोंधळ उघडकीला येतात आणि ते तेव्हाच उघडकीला आले तर बरं. नव्या नऊवारीतून ब्लाउजपीस कापलेलं नसतं. सहावारीला फॉल-पिको झालेला नसतो. ‘नऊवारी आहे’ म्हणून दिलेली साडी उलगडल्यावर सहावारी निघते. सहावारी कासोटा घालून नेसवता येते, तशी मागणीही असते, पण पदर आखूड येतो आणि निऱ्या मोजक्याच निघतात. हे घरच्यांना आदल्या दिवशी सांगितलं तर त्यांना पर्याय शोधता येतो. लग्नाच्या सकाळी सांगितलं तर फक्त भांडण होतं.

आता ते घड्याळ. पुण्यातल्या एखाद्या कार्यालयातलं अकरा नऊचं लग्न घ्या. नवरीची साडी सोडून आणखी आठ जणी नेसायच्या आहेत. वधूची आणि वराची आई नऊवारीत, बाकी सहा जणी सहावारीत. वेळ मुहूर्तापासून मागे मोजायचा. नवरी गौरीहरापाशी बसणार दहाला. त्याआधी फोटोग्राफरला पाऊण तास हवा, म्हणजे ती सव्वानऊला तयार पाहिजे. दागिने, नथ, मुंडावळ्यांना दहा मिनिटं. नवरीच्या नऊवारीला पाऊण तास धरायचा, म्हणजे साडी सुरू करायची सव्वाआठ-साडेआठला. मेकअप आणि केस त्याआधी दोन-सव्वादोन तास, म्हणून मेकअपवाली सहाला हजर. ब्लाउज मात्र नवरीने मेकअपला बसण्याआधीच घातलेला असायला हवा. केसांचा खोपा आणि गजरे झाल्यावर डोक्यातून काहीही घालता येत नाही.

मग साडीवाली साडेपाचला का येते? कारण सर्वांत आधी नवरी नसते, नवरीची आई असते. सकाळी सातच्या सुमारास गुरुजी पुण्याहवाचनाला बोलावतात आणि आई-वडील पाटावर लागतात. आई सहाला नेसायला उभी राहिली तरच हे जमतं. नवख्या बाईला हा क्रम माहीत नसतो. ती नवरीच्या खोलीबाहेर वाट बघत थांबते आणि सात वाजता तीन खोल्यांतून तिला हाका सुरू होतात. अनुभवी बाई आईला मोकळी करून लगेच जवळच्या काकू-मावशांकडे वळते. वराकडचे आठला येतात, तिकडे मदतनीस जाते. करवल्या शेवटी.

हिशेब मांडला तर दोघींशिवाय हे का होत नाही ते दिसतं. सहा सहावारी बारा मिनिटांप्रमाणे 72 मिनिटं, दोन नऊवारी पंचवीस मिनिटांप्रमाणे 50, नवरीची 45. एकूण 167 मिनिटं, म्हणजे पावणेतीन तास हात न थांबता. आणि यात कोणाची हरवलेली पिन, कोणाचं न बसणारं ब्लाउजचं हुक, कोणाचा मध्येच आलेला चहा धरलेला नाही.

नवरीच्या खोलीत पहिला प्रश्न बाथरूमचा. ‘जाऊन ये, पुढचे तीन तास जमणार नाही,’ असं स्पष्ट सांगतात. पैंजण आणि जोडवी आधी चढवतात, कारण नऊवारी नेसल्यावर वाकणं अवघड. साडी पूर्ण झाली की नवरीला जमिनीवर मांडी घालून बसवतात, उठवतात, खोलीभर चालायला लावतात. बसल्यावर कासोटा ओढला गेला आणि मागचा काठ मध्यरेषेवरून सरकला, तर गाठ चुकली आहे. तेव्हाच सोडून पुन्हा नेसवतात. उभ्या नवरीवर सुंदर दिसणारी साडी होमापाशी बसल्यावर सुटते ती ही परीक्षा न घेतल्याने.

शेल्याची पिन तर बघण्यासारखी. नवरीच्या शेल्याची आणि नवऱ्याच्या उपरण्याची गाठ मारतात आणि मग सप्तपदीपर्यंत नवरा थोडा जरी पुढे गेला तरी ओढ बसते. शेला पदराला टाचला असेल तर ती ओढ थेट पैठणीच्या रेशमावर येते आणि पिनेच्या जागी भोक पडतं. म्हणून शेला पदराला न टाचता ब्लाउजच्या खांद्याच्या शिवणीत टाचतात. जिथे पदरालाच पिन लावणं भाग असतं, तिथे पिनेत आधी एक छोटा मणी ओवतात. मण्यामुळे कापड पिनेच्या गोल टोकात अडकत नाही. पिना बारीक आणि न गंजलेल्या लागतात, गंजाचा डाग रेशमातून निघत नाही. पदराचा मोकळा भाग डाव्या हाताखाली आवरून ठेवतात, कारण लाजाहोमात नवरी अग्नीपाशी लाह्या घालायला वाकते.

बऱ्याच घरांत गौरीहराला मामाने दिलेली पिवळी अष्टपुत्री असते आणि पुढे शालू किंवा पैठणी. ही दुसरी साडी वीस मिनिटांत उरकायची असते, तीही बाहेर पाहुणे खोळंबलेले असताना. म्हणजे बाईला मुहूर्त लागून गेला तरी निघता येत नाही. या थांबण्याचे पैसे वेगळे सांगितले नाहीत तर ते बुडतात.

दर शहरागणिक आणि नावागणिक बदलतात, त्यामुळे एकच आकडा देणं चुकीचं होईल. पण बिल कसं बनतं ते वरच्याच लग्नावर पाहता येईल. समजा नवरीच्या दोन्ही साड्यांचे 3,500, दोघी आयांच्या नऊवारीचे 800 प्रमाणे 1,600, सहा सहावारींचे 400 प्रमाणे 2,400 आणि पहाटेचं व प्रवासाचं 1,000. बिल झालं 8,500. त्यातून मदतनिसीचे 1,500, रिक्षा-गाडीचे 700, पिना, मणी, पट्टे, इस्त्रीचे 300 गेले. उरले 6,000. आता तास मोजा. आदल्या संध्याकाळी घड्या घालायला चार, सकाळी घरून निघाल्यापासून दुसरी साडी होऊन परतेपर्यंत आठ. बारा तासांचे सहा हजार, म्हणजे तासाला पाचशे. ‘पाच मिनिटांच्या कामाचे चारशे?’ असं विचारणाऱ्या काकूंना आदल्या संध्याकाळचे चार तास दिसलेले नसतात.

भांडणं बहुतेक आयत्या वेळी वाढलेल्या माणसांवरून होतात. सहा जणींचं ठरलेलं असतं आणि खोलीत दहा जणी साड्या घेऊन उभ्या असतात. नाही म्हटलं तर वाईटपणा, हो म्हटलं तर नवरीला उशीर. म्हणून आता बुकिंग करतानाच नावांची यादी मागतात, आगाऊ रक्कम घेतात आणि जास्तीच्या साडीचा दर आधी लिहून देतात. यजमानांनीही यादी द्यावी, त्यात त्यांचाच फायदा आहे. त्यापुढे प्रत्येकीची वेळ लिहिली आणि ती यादी कार्यालयातल्या खोलीच्या दारावर चिकटवली तर सकाळच्या हाका निम्म्याने कमी होतात.

शिवलेली नऊवारी या धंद्यावर घाला घालेल अशी भीती होती. ती घालायला सोपी, चटकन होते, पण त्यासाठी साडी कापावी लागते. सासरची किंवा आजीची पैठणी कापायला कोणी धजावत नाही. त्यामुळे करवल्या आणि मैत्रिणी शिवलेल्या नऊवारीत दिसतात, नवरी मात्र नेसलेल्याच.

खरी अडचण तारखांची आहे. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू होतो आणि चातुर्मास लागला की जवळजवळ थांबतो. मधल्या काळातही चांगले मुहूर्त त्याच त्या दिवशी येतात, म्हणून एकाच तारखेला पाच ठिकाणांहून फोन येतात आणि पुढचे दहा दिवस एकही नाही. चातुर्मासात मंगळागौर, गणपती, नवरात्र आणि नंतर पाडव्याच्या शोभायात्रा थोडा हातभार लावतात. शोभायात्रेच्या पहाटे तर तीसेक बायका एका सोसायटीच्या हॉलमध्ये रांगेने नेसवून घेतात, दर कमी आणि वेग जास्त. लग्नात पाऊण तास घेणारी तीच बाई तिथे एक नऊवारी वीस मिनिटांत उरकते, कारण त्या साडीला मोटारसायकलवर बसायचं असतं आणि दुपारपर्यंतच टिकायचं असतं.